प्रकल्प नोंदी: सोसायटीच्या नियमपुस्तिकेतले ‘त्यांनी’ म्हणजे कोणी?

४ जून

सोसायटीच्या नियमपुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची आहे. माझ्याकडे भाषेचे काम आले आहे. नियम बदलायचे नाहीत. एकाच नियमाचे दोन अर्थ निघत असतील तिथे एकच अर्थ उरेल असे वाक्य करायचे, एवढेच. सचिवकाकांनी जुनी पुस्तिका हातात दिली तेव्हा एका पानावर आधीच पेन्सिलीने वर्तुळ केलेले होते. वर्षभर ज्या वाक्यावरून वाद चालू आहे ते हे:

“सदस्याने सदनिका भाड्याने देताना भाडेकरूंची माहिती सचिवांना द्यावी आणि त्यांनी त्यांच्या पोलीस पडताळणीची प्रत त्यांच्याकडे पंधरा दिवसांत जमा करावी.”

सदनिकांचे मालक म्हणतात, प्रत भाडेकरूने आणून द्यायची. भाडेकरू म्हणतात, सोसायटीचा सदस्य मालक आहे, तेव्हा जबाबदारी त्याची. एका भाडेकरूने तर सचिवांनाच विचारले, “काका, पडताळणी तुम्ही करून घेणार ना? तसंच लिहिलंय.” तिघांनीही हेच वाक्य वाचून आपापला अर्थ काढला आहे. कोणाचेही वाचन ओढूनताणून केलेले नाही, आणि म्हणूनच या वाक्यापासून सुरुवात करायची ठरवली.

६ जून

वरचे वाक्य पूर्ण सोडवून पाहिले. पद्धत सोपी आहे. सर्वनाम काढायचे आणि त्याच्या जागी आधी आलेले एकेक नाम ठेवून वाक्य मोठ्याने वाचायचे. एकच नाम चपखल बसले तर वाक्य निर्दोष. दोन बसली तर वाक्य मोडायला हवे.

पहिले ‘त्यांनी’ घेऊ. आधी तीन नामे आली आहेत: सदस्य, भाडेकरू, सचिव. ‘भाडेकरूंनी प्रत जमा करावी’ हे बसते. ‘सचिवांनी प्रत जमा करावी’ हे थोडे विचित्र वाटते, पण सचिवांनी पोलीस ठाण्यातून प्रत आणून दप्तरी ठेवायची असेल तर तेही बसते. ‘सदस्याने’ मात्र व्याकरणाने बसायला नको. वाक्याच्या सुरुवातीला ‘सदस्याने’ असे एकवचन आहे, तेव्हा पुढे ‘त्याने’ यायला हवे होते. तरीही मालकाची जबाबदारी आहे असे म्हणणारे लोक ‘त्यांनी’ म्हणजे सदस्यच समजतात, आणि त्यांना चूक म्हणता येत नाही. कारण याच पुस्तिकेत दोन पाने आधी ‘सदस्याने अर्ज करावा; त्यांनी सोबत शुल्क भरावे’ असे छापले आहे. लिहिणारा एकवचनाने सुरुवात करतो आणि वाक्याच्या मध्यावर त्याला आदर आठवतो. एकदा असे झाले की पुढे कुठेही वाचक वचनावर विसंबून राहत नाही. भाडेकरूचेही तेच: ‘भाडेकरूंची’ हे अनेक भाडेकरूंबद्दल आहे की एकाच भाडेकरूबद्दल आदराने, हे कळायला मार्ग नाही.

पहिल्या ‘त्यांनी’चा अर्थ बदलला की दुसऱ्या आणि तिसऱ्याचाही बदलतो. भाडेकरूंनी जमा करायची असेल तर ‘त्यांच्याकडे’ म्हणजे सचिवांकडे. सचिवांनी आणायची असेल तर ‘त्यांच्याकडे’ म्हणजे कोणाकडे? मालकाकडे? एका वाक्यात तीन सर्वनामे एकाच रूपात आली की ती एकमेकांना धरून फिरतात. एक पक्के केल्याशिवाय दुसरे पक्के होत नाही.

संध्याकाळी सचिवकाकांना विचारले, “काका, समितीला काय म्हणायचं होतं?” ते म्हणाले, “मालकानंच द्यायची. आम्ही मालकाला ओळखतो, भाडेकरू आज आहे उद्या नाही.” मग वाक्य असे झाले:

“सदनिका भाड्याने देणाऱ्या सदस्याने भाडेकरूची माहिती सचिवांना लेखी द्यावी. भाडेकरूच्या पोलीस पडताळणीची प्रतही त्याच सदस्याने पंधरा दिवसांत सोसायटीच्या कार्यालयात जमा करावी.”

तीन सर्वनामांपैकी एकही उरले नाही. ‘त्याच सदस्याने’ मधला ‘त्याच’ महत्त्वाचा आहे. नुसते ‘सदस्याने’ पुन्हा लिहिले असते तर हा दुसराच कोणी सदस्य की काय, अशी शंका आली असती. नाम पुन्हा लिहिताना ते आधीचेच आहे हे दाखवणारा शब्द जोडावा लागतो. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे हे जुन्या वाक्यातही नव्हते. तो प्रश्न समितीसाठी वेगळा लिहून ठेवला.

९ जून

माझ्याबरोबर तपासणी करणारा सहकारी संगणकशास्त्र शिकलेला आहे. त्याने एक जुने उदाहरण सांगितले. टेरी विनोग्राड या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली ते इंग्रजीत दिले होते. मराठीत ते साधारण असे होईल: “नगरसेवकांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती वाटत होती.” भीती नगरसेवकांना, हे आपल्याला लगेच कळते. आता शेवट बदला: “…कारण त्यांचा हिंसाचाराला पाठिंबा होता.” लगेच ‘त्यांचा’ म्हणजे निदर्शकांचा. सर्वनामाचे मूळ रूप तेच, वाक्याची ठेवण तीच, तरी बोट दुसरीकडे वळले. इथे निर्णय व्याकरण करत नाही; नगरसेवक काय करतात आणि निदर्शक काय करतात, याचे आपले ज्ञान करते.

या धर्तीवरचे दुसरे एक वाक्य पुढे इंग्रजीत बरेच वापरले गेले. करंडक सुटकेसमध्ये मावत नाही, कारण ‘ते’ फार मोठे आहे. तर मोठे काय? मराठीत हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘करंडक सुटकेसमध्ये मावत नाही, कारण तो मोठा आहे’, किंवा ‘…कारण ती लहान आहे’. लिंगाने काम करून टाकले. पण सुटकेसच्या जागी ‘डबा’ लिहा आणि शेवटी ‘तो बेताचाच आहे’ म्हणा. अर्थ पुन्हा आपल्या अंदाजावर येतो.

मला यातून पुस्तिकेसाठी एक दिशा मिळाली. मराठी वाचकाला लिंगाचा मोठा आधार असतो, पण तो दोन ठिकाणी सुटतो. एक, सर्वनामाला प्रत्यय लागला की. तो आणि ते वेगळे आहेत, पण दोघांचेही ‘त्याला’, ‘त्याने’, ‘त्याचा’ असेच होते. वेगळी राहते फक्त ‘तिला’, ‘तिने’. दोन, अनेकवचनात किंवा आदरार्थी रूपात प्रत्यय लागला की. ते, त्या, ती या तिन्हींचे ‘त्यांना’, ‘त्यांनी’, ‘त्यांचे’ होते. तिथे बाई-पुरुष, एक-अनेक, माणूस-वस्तू हे सगळे भेद एकदम पुसले जातात. सोसायटीच्या कागदपत्रांत बहुतेक माणसे आदरार्थी आणि बहुतेक वेळा प्रत्ययासह येतात. म्हणजे नियम लिहिणारा माणूस नेमका त्याच जागी उभा असतो जिथे मराठी त्याला सर्वांत कमी मदत करते.

११ जून

पूर्ण मजकूर साध्या फाइलमध्ये घेतला आणि ‘त्यां’ने सुरू होणारे शब्द शोधले. नुसते ‘त्यां’ शोधले तर ‘खात्यांमध्ये’, ‘पत्त्यांवर’ असे शब्दही सापडतात, म्हणून ओळीची सुरुवात किंवा आधी रिकामी जागा अशी अट घातली:

```
grep -nE '(^| )त्यां' niyam.txt
```

अवतरणचिन्ह किंवा कंस लगेच आधी असेल तर शब्द यातून निसटतो. ती पाने डोळ्यांनी पाहिली. हा शोध दोष दाखवत नाही, फक्त थांबायची जागा दाखवतो. प्रत्येक ठिकाणी नामे घालून पाहणे हे काम हातानेच करावे लागते.

समितीच्या बैठकीत मी सुचवले की पदाधिकारी, सदस्य आणि भाडेकरू यांच्यासाठी पुस्तिकेत सर्वनाम वापरूच नये. खजिनदारबाईंचा आक्षेप होता: “मॅडम, सारखं सचिव सचिव वाचून कंटाळा येईल.” खरे आहे, कथेत किंवा पत्रात असे लिहिले तर कानाला टोचेल. पण नियम कोणी सलग वाचत नाही. माणूस भांडण झाल्यावर एक पान उघडतो आणि एकच वाक्य वाचतो; त्या वाक्यात सगळे सापडले पाहिजे. दुसरी सूचना एका ज्येष्ठ सदस्यांची होती: ‘त्यांनी’ऐवजी ‘सदर व्यक्तीने’ किंवा ‘उपरोक्तांनी’ लिहावे. मी नम्रपणे नको म्हटले. ‘सदर व्यक्ती’ म्हणजे वर उल्लेखलेली व्यक्ती, आणि वर तर तीन आहेत. हा शब्द अंगावर कोट घातलेले सर्वनामच आहे.

शेवटी ठरले ते असे. नियमात माणसाचा उल्लेख पदाने किंवा नात्याने करायचा (सदस्य, सहयोगी सदस्य, भाडेकरू, सचिव), एकवचन की आदरार्थी हे पुस्तिकाभर एकच ठेवायचे, आणि एका वाक्यात शक्यतो एकाच माणसाला काम सांगायचे. दुसऱ्याचे काम आले की नवे वाक्य.

१४ जून

पंपखोलीचे प्रकरण. इथे माणसे नाहीत, आदर नाही, तरी घोटाळा आहे, आणि हा जिवाशी संबंधित आहे.

“पंप सुरू करण्याआधी स्टार्टरचे झाकण नीट बसले आहे का ते पाहावे. त्याला ओल आली असल्यास हात लावू नये व वायरमनला बोलवावे.”

पंप पुल्लिंगी, स्टार्टर पुल्लिंगी, झाकण नपुंसकलिंगी, तिघांचेही ‘त्याला’. हे वाक्य मी रात्रपाळीच्या वॉचमनला वाचून दाखवले. “कळलं का?” असे मुद्दाम विचारले नाही, कारण त्यावर सगळेच हो म्हणतात, आणि खरेच म्हणतात, प्रत्येकाला एक अर्थ लगेच सुचलेला असतो आणि दुसरा असू शकेल हे जाणवतच नाही. मी विचारले, “दादा, ओल कशाला आलीय ते बघायचं?” तो म्हणाला, “पंपाला. पण तो तर कायमच ओला असतो, म्हणून ती ओळ आम्ही सोडून देतो.” धोका होता स्टार्टरचा, ज्यात वीज येते. चुकीचा अर्थ धरल्यामुळे सूचना निरर्थक वाटली आणि निरर्थक वाटल्यामुळे ती पाळलीच गेली नाही.

नवे वाक्य: “पंप सुरू करण्याआधी भिंतीवरची स्टार्टरची पेटी पाहावी. पेटी किंवा तिचे झाकण ओले दिसले तर पेटीला हात लावू नये, वायरमनला बोलवावे.” इथे ‘पेटी’ हा शब्द निवडण्यामागे हेतू आहे. सगळे तिला पेटीच म्हणतात, आणि ती स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘तिचे’ पंपाकडे जाऊच शकत नाही. वस्तूला दोन चालू नावे असतील तर शेजारच्या वस्तूपेक्षा वेगळ्या लिंगाचे नाव घ्यावे. सर्वनाम ठेवायचे असेल तर ही युक्ती उपयोगी आहे. हात लावण्याच्या जागी मात्र मी नाम पुन्हा लिहिले. तिथे वाचकाला शोधायला लावायचे नाही.

त्याच पानावर: “व्हॉल्व्ह गळत असल्यास पंप बंद ठेवून तो बदलावा.” दोन पुल्लिंगी नामे, आणि ‘तो’च्या सर्वांत जवळ पंप. अर्थातच कोणी पंप बदलणार नाही, पण वाक्य तसे म्हणते. “गळणारा व्हॉल्व्ह बदलावा. बदलताना पंप बंद ठेवावा.” गळणे हे विशेषण करून नामाच्या आधी नेले की सर्वनामाची गरजच राहत नाही.

कार्यालयी मराठीतल्या ‘-ल्यास’ या रूपाबद्दल इथे लिहून ठेवते, कारण पुढे अनेक पानांवर तेच आढळले. ‘बंद पडला तर’, ‘बंद पडली तर’, ‘बंद पडले तर’ यांत क्रियापद लिंग सांगते. ‘बंद पडल्यास’ मात्र काही सांगत नाही. “फ्लोट स्विच आणि पंपाजवळची नळी दर महिन्याला तपासावी, खराब झाल्यास लगेच बदलावी.” इथे काय खराब झाल्यास? ‘बदलावी’वरून फक्त नळी असे वाटते आणि स्विच सुटून जातो. “फ्लोट स्विच आणि पंपाजवळची नळी ही दोन्ही दर महिन्याला तपासावीत. दोहोंपैकी जे खराब झाले असेल ते लगेच बदलावे.” बोलताना आपण ‘-ल्यास’ जवळजवळ वापरतच नाही. बोलीतले ‘तर’ इथे जास्त काटेकोर आहे, आणि त्यासाठी वाक्य एका शब्दाने वाढले तरी मला चालेल.

१७ जून

आज दिवसभर एकच नियम, गळतीचा. पुस्तिकेतला सर्वांत अवघड आणि पैशाचा.

“सदनिकेतून खालच्या मजल्यावर गळती होत असल्यास समितीने संबंधित सदस्याला आपल्या खर्चाने दुरुस्ती करून घेण्यास सांगावे.”

‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या? मराठीत ‘आपला’ कर्त्याकडे पाहतो, हे आपण नकळत पाळतो. “सचिवांनी अध्यक्षांना आपल्या गाडीतून नेले” यात गाडी सचिवांची. “त्यांच्या गाडीतून नेले” म्हटले तर गाडी अध्यक्षांची किंवा तिसऱ्या कोणाची. साध्या वाक्यात हा भेद इतका स्वच्छ आहे की ‘आपला’ हे संदिग्धतेवरचे औषध वाटावे.

पण वरच्या वाक्यात कर्ते दोन आहेत. सांगणारी समिती, आणि दुरुस्ती करून घेणारा सदस्य. दुसरा कर्ता ‘करून घेण्यास’च्या आत दडलेला आहे. ‘आपल्या’ला दोन्हीकडे जाता येते. समितीकडे गेले तर खर्च सोसायटीचा, सदस्याकडे गेले तर खर्च त्याचा. घरातले उदाहरण घेतले की हे पटकन जाणवते: “आईने मुलीला आपल्या ताटात वाढून घ्यायला सांगितले.” ताट कोणाचे? काहीजण आईचे म्हणतील, काहीजण मुलीचे, आणि दोन्ही मराठी म्हणून बरोबर आहेत. सांगणे, लावणे, करू देणे, भाग पाडणे, परवानगी देणे अशी क्रियापदे आली की त्यांच्या पोटात दुसरी क्रिया असते आणि तिचा कर्ता वेगळा असतो. म्हणून या क्रियापदांजवळचा प्रत्येक ‘आपला’ तपासायला हवा.

याला आणखी एक पदर आहे. पुस्तिका सदस्यांना उद्देशून आहे. वाचणाऱ्या सदस्याला ‘आपल्या खर्चाने’ म्हणजे ‘तुमच्या खर्चाने’ वाटू शकते, किंवा ‘आपल्या सगळ्यांच्या, सोसायटीच्या खर्चाने’. ‘आपण’ हे तुम्ही या अर्थी आदरार्थी आहे, मी-तुम्ही मिळूनचे आहे, आणि स्वतः या अर्थीही आहे. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत ‘आपल्या सोसायटीचे नियम’ असे आहेच, तेव्हा तोच शब्द नियमात आला की सोसायटीकडे मन जाणे स्वाभाविक.

तळमजल्यावरच्या आजींना हे वाक्य वाचून दाखवले आणि “खर्च कोण करणार?” असे विचारले. “सोसायटी की. आपल्या म्हणजे आपल्या सगळ्यांच्या,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना वेगळे गाठून तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “वरच्यानं करायचा, उघड आहे.” दोघांना एकत्र बसवून विचारले असते तर पहिल्याचे उत्तर ऐकून दुसऱ्याने मान डोलावली असती, म्हणून वेगवेगळे विचारणे आवश्यक. आणि ज्यांचे हितसंबंध वेगळे आहेत अशांनाच विचारणे आवश्यक, कारण माणूस स्वतःच्या सोयीचा अर्थ आधी पाहतो.

‘स्वतःच्या खर्चाने’ केले तर? बरेच सुधारते, कारण ‘स्वतः’ जवळच्या कर्त्याला जास्त घट्ट धरतो. तरी ‘समितीने सदस्याला स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करण्यास सांगावे’ यात थोडी फट राहतेच. खरा उपाय म्हणजे दडलेला कर्ता बाहेर काढणे आणि सांगण्याची क्रिया वेगळ्या वाक्यात नेणे.

शिवाय ‘संबंधित सदस्य’ कोण? वरचा की खालचा? गळतीशी दोघेही संबंधित आहेत. हे सर्वनाम नाही, पण दुखणे तेच.

समितीला नियमातून काय म्हणायचे आहे ते सविस्तर विचारून घेतले आणि असे लिहिले:

“वरच्या सदनिकेतून खालच्या सदनिकेत पाणी गळत असेल, तर वरच्या सदनिकेच्या सदस्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून घ्यावी. तसे पत्र समितीने वरच्या सदनिकेच्या सदस्याला द्यावे. गळती गच्चीतून किंवा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीतून होत असेल, तर दुरुस्ती आणि तिचा खर्च सोसायटी करील.”

एका वाक्याची तीन झाली. ‘वरच्या सदनिकेचा सदस्य’ हा उल्लेख दोनदा आला आहे आणि तो तसाच ठेवणार आहे. शेवटच्या वाक्यातला ‘तिचा’ राहू दिला. गळतीही स्त्रीलिंगी, दुरुस्तीही स्त्रीलिंगी, हे खरे; पण ‘खर्च’ जोडला की गळतीचा खर्च असे कोणी वाचत नाही, आणि वाचले तरी देणारा तोच राहतो.

१९ जून

पुस्तिकेच्या शेवटी इतिवृत्ताचा नमुना आहे. त्यात: “सचिवांनी अध्यक्षांना सांगितले की ते पुढील बैठकीस उपस्थित राहणार नाहीत.” कोण येणार नाही? सचिव, अध्यक्ष, की आधीच्या ओळीत आलेले लेखापरीक्षक?

परवा ज्या ‘आपण’ने त्रास दिला तोच इथे मदतीला आला. “आपण पुढील बैठकीस उपस्थित राहणार नाही, असे सचिवांनी अध्यक्षांना सांगितले.” आता न येणारे सचिवच. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठीत ‘आपण’ बोलणाऱ्याला धरतो. क्रियापदही ‘नाहीत’वरून ‘नाही’वर आले, त्याचाही आधार मिळतो. अध्यक्ष येणार नसतील तर “अध्यक्ष पुढील बैठकीस येणार नाहीत, अशी माहिती सचिवांनी दिली.” ‘की’ने जोडलेले वाक्य उलटवून ‘असे’वर आणणे ही मराठीची जुनी सवय आहे आणि इतिवृत्तात ती फार उपयोगाची आहे: आधी काय म्हटले ते, मग कोणी म्हटले ते.

२३ जून

किरकोळ दुरुस्त्या. “कागदपत्रे तपासून यादी तयार करावी. ती कार्यालयात ठेवावी.” ‘ती’ ही यादीही असू शकते आणि कागदपत्रेही, कारण नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन दोन्ही ‘ती’. व्याकरणाने कागदपत्रांसाठी ‘ठेवावीत’ हवे, पण छपाईत हा ‘त’ सहज गळतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एका अक्षरावर नियम टांगून ठेवायला नको. ‘यादी आणि कागदपत्रे दोन्ही कार्यालयात ठेवावीत’ असे केले.

लिफ्टच्या पानावर ‘त्यामुळे’ दोनदा सापडले, जिथे आधी दोन कारणे दिली होती. दोन्ही ठिकाणी कारणाचे नाव घेतले.

२६ जून

काही सर्वनामे मुद्दाम तशीच ठेवली. “सदस्याने पावती जपून ठेवावी. ती हरवली तर कार्यालयातून दुसरी मिळेल.” दुसरे स्त्रीलिंगी नाम जवळ नाही, ‘ती’ पहिल्याच शब्दात येते, ‘हरवली’ दुजोरा देते. इथे ‘पावती हरवली तर’ लिहायची गरज नाही. जो-तो अशी जोडी असलेली वाक्येही ठेवली: “ज्याच्या नावावर वाहन आहे त्याने नोंदणी करावी.” ‘ज्या’ आणि ‘त्या’ एकमेकांना बांधलेले असतात, मध्ये तिसरे कोणी शिरत नाही. उलट दोन ठिकाणी ‘त्यांनी’ काढून अशी जोडी घातली.

सहकाऱ्याने विचारले, “‘तो’ऐवजी ‘हा’ वापरला तर जवळचं नाम पक्कं होत नाही का?” बऱ्याचदा होते, ‘हा’ शेवटी उल्लेखलेल्याकडे वळतो असे वाचकाला वाटते. पण तो कल आहे, नियम नाही, आणि वादाच्या वेळी कलावर बोट ठेवता येत नाही. म्हणून नुसता ‘हा’ न ठेवता ‘हा अर्ज’, ‘ही मुदत’ असे नामासह ठेवले.

१ जुलै

एक वाक्य उरले आहे आणि ते माझ्या हातात नाही.

“सदस्याचे निधन झाल्यास सोसायटीने नामनिर्देशित व्यक्तींना व वारसांना कळवावे आणि त्यांनी ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा.”

नामनिर्देशित व्यक्ती आणि कायदेशीर वारस एकच असतील असे नाही. ‘त्यांनी’ म्हणजे पहिले, दुसरे, की दोघे? सचिवकाकांना विचारले तर त्यांनाही खात्री नव्हती, आणि अंदाजाने लिहू नका म्हणाले. अर्थ ठाऊक नसताना संदिग्ध वाक्य सोपे करणे म्हणजे नवा नियम करणे होईल, म्हणून तीन वाक्ये तयार करून सोसायटीच्या वकिलांकडे पाठवली:

अ. अर्ज नामनिर्देशित व्यक्तीने करावा. वारसांना फक्त माहितीसाठी कळवावे.

ब. नामनिर्देशित व्यक्ती असेल तर अर्ज तिने करावा. नामनिर्देशन झालेले नसेल तर अर्ज वारसांनी करावा.

क. नामनिर्देशित व्यक्ती आणि वारस या दोघांनीही आपापला स्वतंत्र अर्ज करावा.

४ जुलै

वकिलीणबाईंचा निरोप आला: ब, पण ‘वारसांनी’ऐवजी ‘वारसांपैकी ज्यांना सदस्यत्व हवे आहे त्यांनी’ असे करा. जो-तो जोडी त्यांनीच घातली, आनंद झाला. वाक्य तसे बसवले आणि फाइल अक्षरजुळणीला पाठवली. ‘ठरलेली मुदत’ किती आणि पडताळणीचे पंधरा दिवस कधीपासून, हे समितीने रविवारच्या बैठकीत सांगायचे आहे.